फोटोतल्या पत्राची एक ओळ

इस्रायलमधल्या अश्दोद शहरात राहणारी, सत्तरी ओलांडलेली एक बाई आईचा जुना फोटो न्याहाळते आहे. फोटोत आईच्या मांडीवर उघडलेले एक पत्र आहे. ते गावाहून, म्हणजे अलिबागजवळच्या एका खेड्यातून, तिच्या आजीने पाठवलेले असावे. मूळ पत्र कधीच हरवले आणि आता त्याचा पुरावा म्हणून हा फोटो तेवढा उरला आहे. नातवासाठी ते पत्र फोटोतूनच वाचायचे आणि हिब्रूत आणायचे, एवढेच या कथेचे कथानक आहे. कथा काल्पनिक आहे, इथे उदाहरणासाठी घेतली आहे. मात्र तिच्यातला प्रत्येक अडथळा खरा आहे. फोटोतून पत्र वाचणाऱ्या आणि मराठीतून हिब्रूत जाणाऱ्या कोणालाही त्या अडथळ्यांतून जावेच लागेल, आणि कथेतला ताणही त्यांतूनच उभा राहतो.

कथेतले कुटुंब बेने इस्रायल समाजातले आहे. कोकणात शतकानुशतके राहिलेला हा मराठीभाषक ज्यू समाज. तेल गाळण्याचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गावोगावी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. नावगावकर, पेणकर, रोहेकर अशी गावांवरून पडलेली त्यांची आडनावे आजही ओळखीची आहेत. १९४८ मध्ये इस्रायलची स्थापना झाल्यानंतर हा समाज टप्प्याटप्प्याने तिकडे गेला आणि अश्दोद, लोद, रामला, दिमोना, बीरशेबा अशा गावांत वसला. तिथले पहिले दिवस सोपे नव्हते. त्यांच्या ज्यू असण्याबद्दलच तिथल्या धर्मपीठाने शंका काढली, विवाहांना अडथळे आले, आणि मोठ्या आंदोलनानंतर १९६४ मध्ये हा प्रश्न मिटला. कथेतली बाई लहान असताना याच सुमारास आईवडिलांबरोबर तिकडे गेली. मुंबईच्या मराठी शाळेत तिच्या दोन-तीन इयत्ता झाल्या होत्या. त्यामुळे ती देवनागरी वाचते, घरात मराठी बोलते, पण लिहिते हिब्रूत. नातवाला मराठी येत नाही.

या समाजाला भाषांतर नवे नाही. पेसाहच्या सणाला वाचायची हग्गादा मराठी भाषांतरासह १८४६ मध्येच मुंबईत छापली गेली होती. तेव्हा मजकूर हिब्रूतून मराठीत येत होता. कथेतली बाई त्याच वाटेने उलट निघाली आहे.

पहिला प्रश्न तांत्रिक आहे. फोटोतले अक्षर वाचता येईल का? पुष्कळ कथांत पात्र भिंग घेते आणि पत्र घडाघडा वाचू लागते. ते पटत नाही. किती वाचता येईल हे फोटोचा आकार, पत्राची जागा आणि अक्षराची उंची यांवर ठरते. कथेतला फोटो मुंबईच्या एका स्टुडिओत काढलेला आहे आणि मागे पेन्सिलीने ‘नोव्हेंबर १९४८’ असे लिहिले आहे. त्या काळी स्टुडिओत हाफ-प्लेट आकाराची काच किंवा फिल्म वापरली जाई. तिची लांबी सुमारे साडेसोळा सेंटिमीटर. निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून छापत, म्हणजे प्रिंट निगेटिव्हएवढीच असे. मोठी करून छापण्यात बारकावे पसरतात, तसे इथे होत नाही. म्हणून जुन्या स्टुडिओ-फोटोंत साडीच्या काठावरची वीणसुद्धा दिसते.

खुर्चीत बसलेली बाई डोक्यापासून गुडघ्याखालपर्यंत फोटोत साधारण चौदा सेंटिमीटरमध्ये मावली, तर प्रत्यक्षातले आठ-नऊ सेंटिमीटर फोटोत एक सेंटिमीटर होतात. बोरूने लिहिलेले पाच मिलिमीटर उंचीचे अक्षर त्या हिशेबाने अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास येते. घरातल्या स्कॅनरवर नेहमीप्रमाणे ३०० डीपीआयला स्कॅन केले, तर एका अक्षराच्या उंचीला जेमतेम सहा ठिपके मिळतात आणि ओळ मुंग्यांच्या रांगेसारखी दिसते. १२०० डीपीआयला तेच अक्षर तेवीस-चोवीस ठिपक्यांचे होते. आता वळणे दिसतात, वेलांटी आणि काना वेगळे काढता येतात. यापेक्षा पुढे गेल्यास नवे काही मिळत नाही, कागदाचा पोतच मोठा होतो. कॅमेरा चेहऱ्यावर नेमका धरला आणि मांडीवरचे पत्र थोडे पुढे आले, तर पत्राचा जवळचा भाग अस्पष्ट राहतो. हा अस्पष्टपणा कोणत्याही स्कॅनने जात नाही. कथेतल्या पत्राच्या अकरा ओळींपैकी खालच्या पाच वाचता येत नाहीत.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. मांडीवरचे पत्र आईच्या बाजूने सुलटे आहे, म्हणजे बघणाऱ्याच्या बाजूने उलटे. आधी चित्र अर्धे फिरवावे लागते. शिवाय प्रिंट करताना निगेटिव्ह उलट्या अंगाने ठेवली गेली असेल, तर सगळाच फोटो आरशातल्यासारखा दिसतो. हे ओळखायला साडीचा पदर कामाला येतो. डाव्या खांद्यावरचा पदर फोटोत उजव्या खांद्यावर दिसला, तर शंका घ्यावी. कथेतला पदर योग्य खांद्यावर आहे.

स्कॅन करून, फिरवून, पत्राचा तुकडा मोठा केल्यावर बाईला धक्का बसतो. अक्षरे दिसतात, पण ती तिला वाचता येत नाहीत. पत्र मोडीत आहे.

१९४८ मध्ये खेड्यातून आलेले पत्र मोडीत असणे अगदी स्वाभाविक आहे. मराठी शाळांतून मोडीचे शिक्षण गेले ते १९५० च्या दशकात. त्याआधी शिकलेल्या पिढीचे हाताचे लिखाण मोडीत आणि छापील वाचन देवनागरीत, अशी सरळ विभागणी होती. आजीला लिहिता येत नव्हते, पत्र गावातल्या कोणा शिकलेल्या माणसाने तिच्या सांगण्यावरून लिहिले. बाई त्या तुकड्याचे चित्र अलिबागकडच्या एका मोडीवाचकाला पाठवते आणि तो तिला लिप्यंतर करून देतो. लिप्यंतर म्हणजे भाषांतर नव्हे. मोडी अक्षराच्या जागी देवनागरी अक्षर, एवढेच. चांगला वाचक यात स्वतःचे काही घालत नाही. जिथे खात्री नाही तिथे चौकटी कंस करतो, जिथे दिसत नाही तिथे टिंबे देतो.

मोडीचे दोन स्वभाव इथे महत्त्वाचे आहेत. लिहिणारा आधी कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत रेघ ओढतो आणि मग तिला अक्षरे लटकवत जातो. शब्द संपला म्हणून जागा सोडत नाही, वाक्य संपले म्हणून दंड देत नाही. शिवाय इकार-उकारांत ऱ्हस्व-दीर्घ असा भेद सहसा नसतो. त्यामुळे शब्द तोडण्याचे काम वाचणाऱ्यावर येते, आणि तिथेच अर्थ ठरतो.

लिप्यंतरात वाचता आलेल्या सहा ओळी अशा आहेत. पहिल्या ओळीत नावाचा भाग घडीत गेला आहे, पण ‘उभयतांस अनेक उत्तम आशीर्वाद’ स्पष्ट आहे. पुढे ‘विनंती विशेष’ वगैरे नेहमीचा मायना, मग भाताची लावणी झाली, गाय व्यायली. पाचवी ओळ ‘हल्ली प्रकृती बरी नसते’ अशी सुरू होते आणि पुढे ‘पावसातयेऊनका’ अशी येते. इथे ओळ संपत नाही. उरलेल्या भागावर आईचा अंगठा आहे. सहावी ओळ ‘सणास यावे’ या शब्दांनी सुरू होते.

कथेचा सगळा भार या ‘येऊनका’वर आहे. हे दोन तऱ्हांनी तुटते. ‘येऊ नका’ असे तोडले तर आजी सांगते आहे की पावसात येऊ नका. ‘येऊन का…’ असे तोडले तर पुढचा शब्द अंगठ्याखाली आहे आणि तो ‘कामे’ असू शकतो. मग ओळ होते, पावसात येऊन कामे उरका. एका वाचनात आजी लेकीला थांबवते आहे, दुसऱ्यात बोलावते आहे. आणि आई आयुष्यभर हेच सांगत आली होती, की आईने बोलावले आणि मी गेले नाही. त्या वर्षी सणाच्या आधीच आजी वारली होती.

कमी ताकदीचा लेखक इथे बाईला हवे ते वाचन निवडू देईल. आईवरचा ठपका पुसायचा म्हणून ‘येऊ नका’, किंवा आईचे शब्द खरे ठरवायचे म्हणून ‘येऊन कामे’. दोन्ही सोयीचे आहे. कथा उंचावते ती बाईने निवड पुढे ढकलून पुरावा तपासला तर. इथे पुरावा पुरेसा आहे, आणि तो तपासण्याची पद्धत साधी आहे.

पहिली शंका व्याकरणाची. आई लेकीला ‘येऊ नको’ म्हणेल, ‘येऊ नका’ का म्हणेल? पत्र एकट्या लेकीला असते, तर ‘येऊ नका’ हे वाचन जवळजवळ बाद करावे लागले असते. पण वरच्या ओळीत ‘उभयतांस’ आहे. पत्र लेक आणि जावई दोघांना आहे, आणि जावयाला अहोजाहो आहेच. म्हणजे ‘नका’ चालते.

दुसरी कसोटी मोजमापाची. अंगठ्याची रुंदी आणि त्यापलीकडे कागदाच्या कडेपर्यंतची जागा ही त्याच ओळीतल्या दिसणाऱ्या अक्षरांशी ताडून बघितली, तर झाकलेल्या भागात तीन-चार अक्षरे बसतात, फार दाटीने लिहिले तर पाच. आता बोलावण्याचे वाचन धरून पुढच्या ओळीतले ‘सणास यावे’ जोडून बघावे. ‘पावसात येऊन कामे करा, नाहीतर सणास यावे’ असे काही तरी व्हावे लागते. त्यासाठी झाकलेल्या जागेत ‘मे करा नाहीतर’ हवे. ती सात अक्षरे होतात, बसत नाहीत. जोडणारा शब्द न घालता ‘येऊन कामास लागा’ घेतले तर अक्षरे बसतात, पण ज्याला पावसातच बोलावले त्यालाच पुढच्या शब्दात सणाला या म्हणण्यात अर्थ राहत नाही.

थांबवण्याचे वाचन मात्र सहज बसते. ‘पावसात येऊ नका, नव्याच्या सणास यावे.’ ‘नव्याच्या’ ही तीन अक्षरे. नव्याचा सण म्हणजे बेने इस्रायलांनी रोश हशानाला, ज्यू नववर्षाला दिलेले मराठी नाव. ‘खिरीच्या’ हीसुद्धा तीनच अक्षरे होतात आणि खिरीचा सणही त्याच तिश्री महिन्यात येतो. ‘दारफाळणीच्या’ म्हणजे योम किप्पूरच्या, हे मात्र जागेत मावत नाही. सण कोणता हे त्यामुळे पक्के सांगता येत नाही, पण काळ ठरतो. १९४८ मध्ये रोश हशाना ४ ऑक्टोबरला होता. कोकणातला पाऊस तोवर ओसरत येतो आणि प्रवास सुकर होतो.

हा काळ कळला की इतिहास बाहेरून साक्ष देतो. मुंबईहून अलिबागकडे जाणारी माणसे भाऊच्या धक्क्यावरून बोटीने रेवसला उतरत. १७ जुलै १९४७ रोजी त्याच वाटेवर ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. रायगडच्या किनाऱ्यावरच्या किती तरी घरांत त्या दिवशीचे सुतक होते. वर्षभराने, पुढच्या पावसात, एखादी म्हातारी लेक-जावयाला पावसात येऊ नका असे लिहिते, तेव्हा तिला कारण सांगावे लागत नाही. कथेने हा प्रसंग एका वाक्यात उरकावा. त्याचे वर्णन करत बसले तर पत्र मागे पडेल.

इथवर कोडे सुटल्यासारखे वाटते. पण मोडीवाचक तिसरी शक्यता कळवतो आणि ती सर्वांत सुंदर आहे. अंगठ्याखाली ‘य करावे’ ही चार अक्षरे असू शकतात. मग ओळ होते, पावसात येऊन काय करावे, सणास यावे. तात्पर्य तेच, आत्ता येण्याचे नाही. पण सूर पार वेगळा. ‘येऊ नका’ ही आज्ञा आहे. ‘येऊन काय करावे’ हा समजूत घालण्याचा सूर आहे. चिखल आहे, घर गळते आहे, तुम्ही आलात तरी काय करणार, असे सगळे त्यात आले. जागा दोन्हींना पुरते, व्याकरण दोन्हींना मान्य आहे. पुराव्याने इथून पुढे निकाल लागत नाही.

आणि इथेच हिब्रू येते. मराठीत ‘येऊ नका’ म्हटले की एका मानाच्या माणसाला म्हटले की अनेकांना, बाईला म्हटले की पुरुषाला, हे उघडे राहते. हिब्रूत ते राहत नाही. एका पुरुषाला ‘अल तावो’, एका बाईला ‘अल तावोई’, अनेकांना ‘अल तावोऊ’. तिघांतले एक घ्यावेच लागते, आणि आदरार्थी बहुवचन आजच्या हिब्रूत नाही. ‘उभयतांस’ आहे म्हणून ‘तावोऊ’ बरोबर. पण नातवाला त्यात दोन माणसे दिसतील, आणि आई ज्या ओळीचे ओझे जन्मभर एकटीने वाहत आली ती ओळ तिला एकटीला उद्देशून राहणार नाही. ‘येऊन काय करावे’ घेतले तर हा प्रश्न उद्भवत नाही, कारण त्या रचनेत कोण हे सांगावेच लागत नाही आणि हिब्रूतही तसे वाक्य करता येते.

पावसाचीही अडचण आहे. इस्रायलमध्ये पाऊस हिवाळ्यात पडतो, उन्हाळा कोरडा जातो. ‘पावसात’ला नुसता हिब्रू ‘गेशेम’ दिला, तर नातू पत्र जानेवारीचे समजेल आणि नव्याच्या सणाला अजून आठ-नऊ महिने आहेत असे त्याला वाटेल. आजीने लेकीला वर्षभर लांब ठेवले, असा भलताच अर्थ निघेल. म्हणून तिथे ‘पावसाळ्याच्या महिन्यांत, जून ते सप्टेंबर’ असा खुलासा द्यावा लागतो, मग ओळीची लय बिघडली तरी चालेल. सणाबाबत उलटे. ‘रोश हशाना’ लिहिले तर जे वाचता आलेले नाही ते वाचल्याचा दावा होतो. तिथे ‘सणाला’ एवढेच ठेवणे प्रामाणिक, आणि दोन्ही शक्यता तळटीपेत.

मग आई चुकीचे सांगत होती का? पत्रात बोलावणे नाही, हे बहुतेक निश्चित झाले. कथेने हा प्रश्न टाळू नये आणि त्याचे उत्तरही पत्रातच आहे. तीच पाचवी ओळ ‘हल्ली प्रकृती बरी नसते’ने सुरू होते. मराठी घरांतून वडीलधारी माणसे असेच लिहीत. आधी बातमी द्यायची आणि मग येऊ नका म्हणायचे. बातमी ऐकून जो निघतो तो आपला. आईने पत्र वाचले ते शब्दांसाठी नव्हे, त्या क्रमासाठी. तिच्या लेखी ते बोलावणेच होते, आणि ती गेली नाही. नोव्हेंबरमध्ये, आजी गेल्यानंतर, ती स्टुडिओत बसली तेव्हा हातात दुसरी कोणतीही वस्तू न घेता तिने हेच पत्र घेतले.

भाषांतरात हा क्रम राखणे सर्वांत गरजेचे आहे, आणि तो सहज मोडतो. हिब्रूत वाक्य ओघवते करण्यासाठी बाई पहिल्या खर्ड्यात ‘पावसात येऊन काय करायचे, तसेही माझी तब्येत बरी नसते’ असे उलटे लिहिते. अर्थ तोच राहतो, पण आता तब्येत हे न येण्याचे कारण होते. मूळ पत्रात ती येण्याचे कारण होती. दुसऱ्या खर्ड्यात ती क्रम पूर्ववत करते, वाक्य थोडे अडखळले तरी.

कथेचा शेवट कसा करावा याबद्दल लेखकांत मोह दिसतो, तो हरवलेले मूळ पत्र एखाद्या ट्रंकेतून बाहेर काढण्याचा. इथे ते करू नये. मूळ पत्र सापडले की अंगठ्याखालचे अक्षर कळेल, आणि सगळी मेहनत फुकट गेल्यासारखी होईल. नातवाच्या हाती पडावे ते सहा ओळींचे हिब्रू भाषांतर, ‘येऊन काय करावे’ या वाचनासह, तळटीपेत ‘येऊ नका’, सणाच्या दोन शक्यता आणि खालच्या पाच ओळींच्या जागी टिंबे. त्या पाच ओळी लेखकानेसुद्धा भरू नयेत.